सातवा लागला म्हणजे नेमका कितवा आठवडा?

"पहिले तीन महिने रिक्षा, एसटी, रेल्वे काही नको, हादऱ्याने गर्भ पडतो. विमानात हवा विरळ, बाळाला प्राणवायू कमी पडतो. गाडीत पट्टा लावू नये, पोटावर दाब येतो. सातवा लागला की बाळ घट्ट होतं, मग डोहाळजेवण करून केव्हाही माहेरी जावं." (व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेश)

आधी हादऱ्यांचं. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात असतं, पोटावरून हाताला लागतही नाही. खड्ड्यातल्या हादऱ्याने तिथलं काही सुटून येत नाही. या काळातले जवळपास निम्मे किंवा त्याहून जास्त गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आणि बऱ्याचदा रक्तस्राव दिसण्याच्या कितीतरी दिवस आधीच गर्भाची वाढ थांबलेली असते. रविवारी एसटीने गेलेली आणि बुधवारी अंगावरून जायला लागलेली बाई उगाच त्या एसटीला आणि स्वतःला दोष देत बसते.

तरी पहिली सोनोग्राफी होईपर्यंत लांब जाऊ नका, असं मीही माझ्या पेशंटना सांगते. कारण वेगळं आहे. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला असेल आणि नळी फुटली, तर तातडीने ऑपरेशन लागतं. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर ही त्याची लक्षणं. ती घाटात, दवाखान्यापासून दूर असताना उमटली तर पंचाईत होते.

विमानाच्या केबिनमध्ये दाब साधारण 6000 ते 8000 फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, म्हणजे शिमल्याला गेल्यासारखं. बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे निरोगी गरोदर बाईच्या बाळाला एवढ्याने उणं पडत नाही. आईचं हिमोग्लोबिन फारच उतरलेलं असेल, साडेसातच्या खाली, तर मात्र आधी ते वाढवा.

विमानातला खरा धोका हवेचा नसून बसून राहण्याचा आहे. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, आणि चार तासांहून जास्त पाय लोंबकळत ठेवले की पोटरीतल्या शिरेत गाठ होऊ शकते. हे गाडीत आणि बसमध्येही तितकंच खरं आहे. तिथे भर पडते ती आपल्या बायकांच्या एका सवयीची: वाटेत स्वच्छतागृह धड मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. त्याने रक्त घट्ट होतं आणि लघवीचा जंतुसंसर्गही होतो. म्हणून लांबच्या पल्ल्याला मला रेल्वे बरी वाटते. उठून चालता येतं, संडास डब्यातच असतो, आणि गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटाही आहे. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पट्टा लावायचाच. आडवा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर. तिरका छातीच्या मधून आणि पोटाच्या कडेने. पट्टा नसताना ब्रेक लागला की पोट थेट डॅशबोर्डवर आदळतं आणि वार सुटू शकते. किरकोळ धडकेनंतरही पोट कडक झालं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर जखम नसली तरी तपासून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पोटाला मार लागल्यावर 72 तासांत इंजेक्शन लागू शकतं, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आता सातव्याचं. घरातले महिने मोजतात, आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतो. समजा, पुण्यातल्या मुलीची शेवटची पाळी 10 जानेवारी 2025 ला आली आणि माहेर नागपूरला. नऊ महिने सात दिवस मिळवले की तारीख येते 17 ऑक्टोबर. प्रवासाला सर्वांत सोयीचा काळ चौदा ते अठ्ठावीस आठवड्यांचा, म्हणजे 18 एप्रिल ते 25 जुलै: ओकाऱ्या सरलेल्या, पोट अजून जड नाही, आणि गर्भपात व अकाली कळा दोन्हींची शक्यता कमी. सातवा लागतो 10 जुलैच्या सुमाराला, म्हणजे या काळाचे जेमतेम दोन आठवडे उरलेले असतात. "केव्हाही" जा म्हणायला जागा कुठे आहे? 22 ऑगस्टला बत्तीस आठवडे भरतात. त्यानंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात आणि छत्तिसाव्यानंतर, म्हणजे 19 सप्टेंबरपुढे, सहसा घेतच नाहीत. जुळी असतील तर हे सगळं आणखी अलीकडे येतं. प्रत्येक कंपनीचा नियम थोडा वेगळा असतो, म्हणून तिकिटाआधी विचारा.

तेव्हा या मुलीचं डोहाळजेवण जुलैच्या मध्यावर उरकून त्याच महिन्यात तिला नागपूरला सोडावं. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर हे वेळापत्रक लागू नाही. अशा मुलीची आईच पुण्याला आलेली बरी.