निगेटिव्ह आकडे मोजू नका, चिन्ह किती वेळा बदललं ते मोजा

"राउथ टेबल पाच मिनिटांत! (१) सगळे कोइफिशियंट पॉझिटिव्ह असतील तर सिस्टिम स्टेबल, टेबल मांडूच नका. (२) पहिल्या कॉलममध्ये जितके निगेटिव्ह आकडे, तितके रूट उजवीकडे. (३) पहिल्या जागी शून्य आलं की अनस्टेबल, तिथंच थांबा. (४) अख्खी ओळ शून्य आली की मार्जिनली स्टेबल. (५) एरवी रूट कॅल्क्युलेटर देतोच, टेबल फक्त मार्कांपुरतं. सगळ्या ग्रुपला पाठवा."

सोमवारी रात्री परभणीहून भाचीने हा मेसेज पाठवला. ती इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खाली एवढंच लिहिलं होतं: "मामा, वर्गातले सगळे हेच पाठ करायलेत. खरंय का?" मी नांदेडला हाच विषय, कंट्रोल सिस्टिम्स, शिकवतो. समीकरणाचे किती रूट उजव्या अर्ध्या भागात आहेत, म्हणजे सिस्टिम अनस्टेबल आहे का, हे रूट न काढताच राउथ टेबल सांगतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोच मेसेज माझ्याही दोन विद्यार्थ्यांकडून आला, म्हणून आता सविस्तर लिहितो.

पहिले दोन मुद्दे एकाच उदाहरणात पडतात. भाचीला फोनवरच कागद घ्यायला लावला आणि हे समीकरण दिलं: s³ + s² + 2s + 8 = 0. चारही कोइफिशियंट पॉझिटिव्ह आहेत. पहिल्या ओळीत एकाआड एक कोइफिशियंट, दुसरीत उरलेले. पुढची प्रत्येक ओळ वरच्या दोन ओळींच्या तिरक्या गुणाकारातून काढायची आणि लगतच्या वरच्या ओळीतल्या पहिल्या आकड्याने भागायची.

```
s³ :   1    2
s² :   1    8
s¹ :  -6
s⁰ :   8
```

s¹ ची किंमत (1×2 − 1×8)/1 = −6. पहिल्या कॉलममध्ये निगेटिव्ह आकडा एकच आहे. मेसेजप्रमाणे उजवीकडे एक रूट. पण चिन्ह दोनदा बदललं आहे: 1 वरून −6 वर जाताना एकदा आणि −6 वरून 8 वर येताना पुन्हा. म्हणजे उजव्या अर्ध्या भागात दोन रूट. पडताळून पाहायचं तर (s + 2)(s² − s + 4) गुणून बघा, हेच समीकरण येतं. दुसऱ्या कंसाचे रूट 0.5 ± j1.94 आहेत, दोन्ही उजवीकडे. असल्या सिस्टिमला जरासा धक्का बसला तर तिचं आंदोलन e^(0.5t) ने फुगत जातं, दहा सेकंदांत जवळपास दीडशे पट. तिला "स्टेबल, टेबल मांडूच नका" म्हणायचं?

इथे "एक" हे उत्तर येऊच शकत नाही, हे टेबल न मांडताही कळतं. पहिला आणि शेवटचा कोइफिशियंट दोन्ही पॉझिटिव्ह असतील, तर शून्यापाशी आणि अनंताकडे बहुपदीची किंमत पॉझिटिव्हच असते. म्हणून पॉझिटिव्ह रिअल रूट आले तर समसंख्येतच येतात. कॉम्प्लेक्स रूट तर जोडीनेच येतात. तेव्हा उजवीकडची संख्या समच हवी. ज्याने मेसेज लिहिला त्याने एवढी साधी खात्रीही केलेली नाही, याचा मला राग आहे.

राउथने १८७७ सालच्या आपल्या पारितोषिकप्राप्त निबंधात नियम दिला तो चिन्ह बदलण्याच्या संख्येचा. निगेटिव्ह आकड्यांच्या संख्येचा नियम कुठल्याच धड्यात नाही. पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो: समीकरण दुसऱ्या घाताचं असेल तर कोइफिशियंट पॉझिटिव्ह असणं पुरेसं असतं. तिसऱ्या घातापासून पुढे ती फक्त पहिली चाळणी आहे. कोइफिशियंट निगेटिव्ह असेल किंवा मधला एखादा गायब असेल तर सिस्टिम स्टेबल नाही, एवढंच ती सांगते.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. ओळीत पहिलाच आकडा शून्य आणि बाकीचे नाहीत, अशा वेळी सिस्टिम अनस्टेबल असते, हे बरोबर आहे. पण प्रश्न बहुतेक वेळा "किती रूट" असा असतो. त्यासाठी शून्याच्या जागी ε हा अगदी लहान पॉझिटिव्ह आकडा धरून टेबल पूर्ण करावंच लागतं.

सगळ्यात घातक मुद्दा चौथा आहे. हे समीकरण बघा: s⁵ + 2s⁴ + s³ + 2s² + s + 2 = 0.

```
s⁵ :    1    1    1
s⁴ :    2    2    2
s³ :    0    0
```

तिसरी ओळ अख्खी शून्य. मेसेजवाला इथे मार्जिनली स्टेबल, म्हणजे आंदोलन वाढतही नाही आणि विझतही नाही, असं लिहून मोकळा होतो. पण शून्य ओळीचा अर्थ एवढाच की मूळबिंदूभोवती सममित असलेले रूट या समीकरणात आहेत. ते jω अक्षावर असू शकतात, रिअल अक्षावर डावी-उजवीकडे असू शकतात, किंवा चार कोपऱ्यांना चार असू शकतात. यातलं कोणतं, हे ठरवायला वरच्या ओळीतून ऑक्झिलरी समीकरण घ्यायचं: 2s⁴ + 2s² + 2. त्याचं डेरिव्हेटिव्ह 8s³ + 4s. हेच 8 आणि 4 शून्यांच्या जागी बसवायचे आणि पुढे जायचं.

```
s³ :    8    4
s² :    1    2
s¹ :  -12
s⁰ :    2
```

1 वरून −12, −12 वरून 2. चिन्ह दोनदा बदललं, उजवीकडे दोन रूट, सिस्टिम सरळ अनस्टेबल. अक्षावर एकही रूट नाही, कारण s⁴ + s² + 1 चे चारही रूट चार कोपऱ्यांना आहेत.

उलट बाजूही आहे. s⁴ + 2s² + 1 मध्ये दोनदा शून्य ओळ येते आणि चिन्ह एकदाही बदलत नाही. तरी ती मार्जिनली स्टेबल नाही. ±j हे रूट तिथे दुहेरी आहेत आणि t·sin t सारखा वाढत जाणारा भाग येतो. म्हणून शून्य ओळ आली की ऑक्झिलरी समीकरण सोडवल्याशिवाय निकाल लिहायचाच नाही.

आता कॅल्क्युलेटर. त्याला आकडे लागतात. पहिल्याच उदाहरणात 8 च्या जागी K ठेवा, म्हणजे युनिटी फीडबॅकमध्ये K/(s(s² + s + 2)) घेतल्यावर येणारं समीकरण: s³ + s² + 2s + K = 0. कॅल्क्युलेटर एका वेळी एकाच K चे रूट देतो. टेबलात s¹ ला 2 − K येतं आणि s⁰ ला K. दोन्ही पॉझिटिव्ह हवेत, म्हणजे K शून्य ते दोनच्या मध्ये. गेन किती वाढवता येईल ते दोन ओळींत मिळालं, एकही रूट न काढता. इंजिनाचा वेग कायम राखणाऱ्या गव्हर्नरच्या अभ्यासात मॅक्सवेलने १८६८ साली तिसऱ्या घाताची अट काढली, तीही अशाच प्रश्नातून.

भाचीने तेवढ्यात K = 2 ठेवून पाहिलं. "मामा, s¹ ची ओळ शून्य झाली की!" मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा एवढंच एक उदाहरण सोडवलेलं असावं. तिने मात्र उत्तर लिहिण्याआधी वरची ओळ घेतली, s² + 2 = 0 सोडवलं, ±j1.414 काढले, ते एकेरीच आहेत हे पाहिलं, आणि मग मार्जिनली स्टेबल लिहिलं.