व्हायब्रो-कॉम्पॅक्शन: सिल्टी वाळूत ‘जास्त वेळ चालवा’ का चालत नाही

व्हायब्रो-कॉम्पॅक्शन म्हणजे जमिनीत व्हायब्रेटर खाली घालून सैल वाळू घट्ट बसवणं. त्याबद्दल असं ऐकू येतं: “व्हायब्रो-कॉम्पॅक्शन कुठल्याही वाळूत चालतं. सिल्ट जास्त असेल तर व्हायब्रेटर घालायचे पॉइंट जवळजवळ घ्या आणि व्हायब्रेटर जास्त वेळ चालवा. व्हायब्रेटरच्या मोटारचे अँपिअर चढले की माती दाबली गेली समजा.”

कुठल्याही वाळूत? नाही. 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारे सिल्ट-चिकणमातीचे बारीक कण साधारण 10 टक्क्यांच्या आत असतील तर काम छान होतं. 15 च्या पुढे गेलं की भरवसा ठेवू नये, आणि त्या बारीक कणांत चिकणमाती असेल तर दोन-तीन टक्केसुद्धा नडतात. कारण व्हायब्रेटर वाळू दाबतच नाही. तो आडवे हादरे देतो, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण क्षणभर एकमेकांपासून सुटतात आणि पाणी निघून गेलं की आधीपेक्षा घट्ट बसतात. म्हणजे सगळा खेळ पाणी किती लवकर निघतं यावर आहे. चिकणमाती तर कणांना सुटूच देत नाही.

जास्त वेळ चालवला तर? हिशेब करून पाहू. वजनाने 10 टक्के कण ज्या मापापेक्षा बारीक असतात ते माप, म्हणजे D10, समजा स्वच्छ वाळूत 0.2 मिमी आहे आणि सिल्टी वाळूत 0.02 मिमी. पाणी वाहू देण्याची क्षमता ढोबळमानाने D10 च्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ती इथे शंभरपट कमी झाली. बाकी सगळं सारखं धरलं, तर स्वच्छ वाळूत जो दाब 30 सेकंदांत उतरतो त्याला सिल्टी वाळूत 3000 सेकंद, म्हणजे 50 मिनिटं लागतील. नेहमीच्या कामात व्हायब्रेटर अर्ध्या ते एक मीटरच्या टप्प्याने वर घेतात आणि प्रत्येक टप्प्यावर मिनिटभर थांबतात. दहा मीटर खोलीवर टप्प्यामागे 50 मिनिटं कोण देणार? आणि दिली तरी तेवढा वेळ हादरे चालूच असतात, त्यामुळे दाब उतरायच्या आधीच पुन्हा चढतो. भोवती नुसता राडा होतो.

पॉइंट जवळ घेण्याचा उपयोग सीमारेषेवरच्या मातीत, 10-12 टक्क्यांना, थोडाफार होतो हे खरं. त्यापुढे मात्र शेजारच्या पॉइंटचा दाब अजून उतरलेला नसतो आणि आपण त्यातच नवा भर घालतो.

अँपिअर? स्वच्छ वाळूत तो चांगला इशारा आहे. सिल्टी मातीत आकडा कधी वर जातच नाही, तर कधी माती व्हायब्रेटरला नुसती आवळते म्हणूनही चढतो. जमीन बसली का, हे वरून दिसतं: स्वच्छ वाळूत पॉइंटभोवती खड्डा पडतो आणि त्यात सतत वाळू ओतावी लागते. खड्डाच पडत नसेल तर काम थांबवून आधीचा आणि नंतरचा कोन पेनिट्रेशन टेस्टचा, म्हणजे जमिनीत शंकू दाबत नेऊन रोध मोजायच्या चाचणीचा, आलेख शेजारी ठेवावा. टोकाचा रोध जागचा हलला नसेल आणि घर्षण-गुणोत्तर, म्हणजे शंकूच्या बाजूचं घर्षण भागिले टोकाचा रोध, एक टक्क्याच्या वर असेल, तर दोष व्हायब्रेटर चालवणाऱ्याचा नाही. तिथे त्याच यंत्राने खडी भरून स्टोन कॉलम करावेत: मधली माती सैलच राहिली तरी बराचसा भार खडी पेलते.