अंगठा नको, आकडा हवा

सकाळी ग्रुपवर सगळं नीट लिहून टाकलं होतं. या महिन्याची बैठक नेहमीच्या कॅफेत नाही, वाचनालयाच्या मागच्या खोलीत आहे. फक्त दोन गोष्टी कळवा, येणार का आणि पुस्तक कुठवर आलंय. संध्याकाळी फोन उघडला तर अकरा अंगठे, दोन नमस्कार आणि एक प्रश्न, "या वेळी कुठलं पुस्तक होतं?"

अहो, आपण वाचणारी माणसं ना? मग उत्तर द्यायची वेळ आली की सगळेच कसे अंगठेबहाद्दर होतो? त्या अंगठ्याचा अर्थ मी काय लावायचा? येताय, की निरोप पोचला, की नवी जागा पसंत आहे? की मी सकाळी उठून एवढं टाइप केलं त्याबद्दल शाबासकी?

ग्रुपवर गप्प बसून मला वेगळा मेसेज करणाऱ्यांनी विचारलंय की जागा बदलायची गरजच काय, चांगलं चाललं होतं की. ज्यांना ऐकू येत होतं त्यांचं चांगलं चाललं होतं. गेल्या बैठकीत आपल्या काकू लांबट टेबलाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या. त्यांचं पुस्तक आठवतंय? पानापानांत चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर पेन्सिलीनं दोन-तीन शब्द. पहिला अर्धा तास त्या "काय म्हणालात?" असं विचारत होत्या. मग विचारायचं थांबल्या. आपण हसलो की क्षणभरानं त्याही हसायच्या. इतकी तयारी करून आलेली बाई दोन तास नुसती मान हलवत बसली आणि निघताना "छान झालं हं" म्हणून गेली.

माणसाला ऐकू येत नाहीये हे त्या उशिरा येणाऱ्या हसण्यावरूनच ओळखायचं असतं. तोंडानं कोणी सांगत नाही. आणि हा प्रश्न वयाचा नाही. लांब टेबलाभोवती बारा जण बसले की एक चर्चा राहतच नाही, तीन होतात. मधले चौघं पुस्तकावर बोलतात, टोकाचे आपापल्या शेजाऱ्याशी. त्यात वर गाणी चालू, म्हणून आपण आवाज चढवतो, म्हणून पलीकडच्या टेबलावरचेही चढवतात.

कॅफेत कोणी घड्याळ दाखवत नाही आणि वाचनालयाची खोली साडेसातला म्हणजे साडेसातला बंद होते, हे मान्य. त्याला इलाज नाही.

आता आकडा का हवा ते ऐका. मागची खोली तळमजल्यावर आहे आणि तिथे बारा खुर्च्या गोल मांडता येतात, मध्ये टेबल न ठेवता. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो, साध्या आवाजात बोललेलं पोचतं. तेरावा-चौदावा माणूस आला की मागे दुसरी रांग लागते, आणि दुसऱ्या रांगेतला माणूस संध्याकाळभर तोंड उघडत नाही. पुढच्यांच्या डोक्यांवरून कोण बोलणार? संख्या जास्त असेल तर वाचनालयवाले मोठा हॉल देतात, पण तो वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. कुठली खोली हवी ते त्यांना गुरुवारी सकाळी सांगायचंय.

म्हणजे तुम्ही केवळ भिडेपोटी "हो" म्हणालात आणि आला नाहीत, तर तुमच्या त्या रिकाम्या "हो"साठी काकूंना दोन जिने चढायला लागणार, आणि वर मोठ्या हॉलमध्ये आपण नऊ जण विखरून बसणार. उलट "बघतो, जमलं तर" म्हणून अचानक उगवलात तर दुसरी रांग. बघतो म्हणजे किती माणसं धरू मी, अर्धं? स्पष्ट "नाही" म्हणा, अजिबात राग नाही. घरची, कामाची गडबड कोणाला नसते? पण ते तळ्यात-मळ्यात नको. खरोखरच पंधरा-सोळा जण येणार असतील तर दोन गट करू, एक खोलीत, एक बाहेरच्या वऱ्हांड्यात. पण मग दुसऱ्या गटाची चर्चा चालवायला कोणाला तरी आधीच गळ घालायला हवी, आयत्या वेळी कोणी तयार होत नाही.

आणि वाचन कुठवर आलंय हे विचारलं की इतकं कशाला बिचकायचं? ही तोंडी परीक्षा नाही हो. अर्धंच झालं असेल तरी या, पहिली तीनच प्रकरणं झाली असतील तरी या. मला ते फक्त चर्चा कुठे थांबवायची हे ठरवायला हवंय. पुस्तकाची चोवीस प्रकरणं आहेत. समजा बारा जणांपैकी चौघांचं संपलंय, पाच जण पंधराव्याच्या पुढे आहेत आणि तिघं आठव्यावर अडकलेत. मग पहिला पाऊण तास आठव्या प्रकरणापर्यंतच बोलायचं, त्यात सगळे येतात. पुढचा अर्धा तास पंधराव्यापर्यंत. मग छोटी सुट्टी, आणि शेवटाबद्दल जे काय भांडायचं ते त्यानंतर. ज्यांना शेवट आधी कळायला नकोय त्यांनी सुट्टीत खुशाल निघावं. हे माहीत नसलं की काय होतं ते गेल्या वेळी पाहिलंत. पहिल्याच वाक्याला कोणीतरी "पण ती शेवटी परत का आली?" म्हणालं आणि दोघांनी कानांवर हात ठेवले. काकूंना तेही ऐकू आलं नाही, त्यांचा तेवढा फायदा झाला म्हणायचा.

फक्त पान नंबर कळवू नका. तुमचं एकशेचाळीसावं पान दुसऱ्या आवृत्तीत एकशेसत्तरावं असतं. ई-बुकवाल्यांचे टक्केही फसवे, कारण मागच्या टिपा-परिशिष्टं त्यात धरलेली असतात, गोष्ट नव्वद टक्क्यांच्या आतही संपू शकते. ऐकणाऱ्यांचे तास-मिनिटं तर मला कळतच नाहीत. प्रकरण सांगा, ते सगळीकडे सारखं असतं. "मी येतेय, प्रकरण १४", बास, एवढंच लिहायचं. अंगठा दाबायला लागतो त्याहून चार सेकंद जास्त.

चिडून लिहिलंय, कळतंय मला. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला पुस्तकं दिलीत, घरी आणून दिलीत, परत मागितलीही नाहीत. म्हणून तर हक्कानं ओरडतेय. काकूंचा दुपारी फोन आला होता. तळमजला आहे ना, एवढंच विचारलं त्यांनी, आणि एकविसावं प्रकरण चालू आहे म्हणाल्या. ग्रुपवर टाइप करता येत नाही म्हणून फोन केला. बाकीच्यांना येतं ना टाइप करता?

तर बुधवारी रात्री नऊपर्यंत कळवा. त्यानंतर ज्यांचं उत्तर नसेल ते येणार नाहीत असं धरून मी खोली सांगणार. फोनच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याची जी आठवण लावून ठेवलीय तिच्यात अजून कॅफेचाच पत्ता आहे, तो आजच बदला, नाहीतर रविवारी साडेपाचला तुम्ही तिथे आणि आम्ही इथे. वाचनालयाचं पुढचं दार रविवारी बंद असतं, मागच्या फाटकानं या. सोबत कोणाला आणणार असाल तर त्यांनाही मोजा, आणि त्यांनी पुस्तक वाचलंय का तेही लिहा.