राजीनाम्यासोबत सुपूर्तीची यादी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

विमा कंपनीची एजन्सी सोडून विमा ब्रोकरकडे जाणाऱ्या एजंटसाठी मी राजीनाम्याचं नमुना पत्र दिलं होतं. हातातली अपुरी कामं कंपनीकडे सोपवण्याची, म्हणजे सुपूर्तीची, यादी त्याला जोडावी असं त्यात होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया: "नमुना पत्र वाचलं, पण पटलं नाही. ग्राहक आम्ही जोडायचे, रात्री-अपरात्री त्यांचे फोन आम्ही घ्यायचे आणि ब्रोकरकडे जाताना सगळा पोर्टफोलिओ आयता कंपनीच्या हातात द्यायचा? राजीनामा चार ओळींचा असावा. ब्रोकरकडे चाललोय हे कळलं की त्याच दिवशी लॉगिन बंद होतं, हे तुम्हाला माहीत नसेल असं नाही. तुमचं पत्र कंपनीच्या सोयीचं आहे, एजंटच्या नाही."

उत्तर:

नमस्कार. या धंद्यात राहून आलेला राग तुमच्या शब्दांत आहे आणि तो मला समजतो. तरीही पत्राला सुपूर्तीचा आराखडा जोडावाच, या मतावर मी ठाम आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

ग्राहकांची यादी कंपनीकडे आधीपासून असतेच. पॉलिसी क्रमांक, विमा रक्कम, प्रीमियम, रिन्यूअलची तारीख हे सगळं तिच्या सिस्टीममध्ये तुमच्या कोडखाली दिसतं. ते तुम्ही दिलं नाही म्हणून तिचं काही अडत नाही. तिच्याकडे नसतं ते तुमच्या फोनमध्ये आणि डोक्यात असतं. कुणी नवीन मशीन घेतल्याचं बोलता बोलता सांगितलेलं असतं, कुणी पत्ता बदललेला असतो, कुणाचा क्लेम एका कागदासाठी अडलेला असतो, कुणी रिन्यूअलचा चेक आगाऊ देऊन ठेवलेला असतो. आराखड्यात मला हेच हवं आहे, कारण तुम्ही गेलात की या गोष्टींना वाली उरत नाही आणि त्याचा फटका कंपनीला नव्हे, तर विमाधारकाला बसतो.

एजंट आणि ब्रोकर यांत खरा फरक कुणाच्या वतीने काम करायचं याचा आहे. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो. त्यामुळे त्याला दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेत, त्याला सांगितलेली गोष्ट साधारणपणे कंपनीला सांगितली असं धरलं जातं. ब्रोकर ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. ग्राहकाने त्याला सांगितलं म्हणजे कंपनीला कळलं, असं साधारणपणे मानत नाहीत. ब्रोकरने ते पुढे कंपनीला कळवावं लागतं. आता तुमचा फोन नंबर तोच, ग्राहक तोच आणि तो सांगतोय ती गोष्टही तीच. पण कंपनीतला तुमचा शेवटचा दिवस 30 सप्टेंबर असेल, तर त्या संध्याकाळी तिचं जे वजन होतं, ते 1 ऑक्टोबरच्या सकाळी राहत नाही. ग्राहकाला याची कल्पना नसते. त्याच्या लेखी त्याने 'आपल्या माणसाला' कळवलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. एका एजंटने 1 सप्टेंबरला राजीनामा दिला. नोटीस पिरियड 30 दिवसांचा, त्यामुळे शेवटचा दिवस 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबरपासून ब्रोकर फर्म. त्याच्या ग्राहकांमध्ये एका छोट्या कारखान्याचा मालक आहे. त्याच्या आगीच्या पॉलिसीचं रिन्यूअल 4 ऑक्टोबरला आहे. 12 सप्टेंबरला तो फोनवर म्हणतो, "गोदामात माल वाढलाय, या वेळी विमा रक्कम वाढवून घ्या." एजंट "बघतो" म्हणतो आणि वहीत टिपून ठेवतो. कंपनीच्या नोंदीत काहीच जात नाही. रिन्यूअलची सूचना जुन्याच रकमेवर निघते, मालक विश्वासाने पैसे भरतो आणि पॉलिसी सुरू होते.

गोदामातला माल 100 भाग धरला, तर विमा उतरलाय 60 भागांचा. पुढच्या आठवड्यात आग लागून 20 भाग माल जळाला. विमा रक्कम 60 आणि नुकसान तर फक्त 20, तेव्हा पूर्ण भरपाई मिळेल असं मालकाला वाटतं. पण अशा पॉलिसींमध्ये बहुधा कमी विम्याचं, म्हणजे 'अ‍ॅव्हरेज'चं कलम असतं. विमा जितक्या प्रमाणात, भरपाईही तितक्याच प्रमाणात. म्हणजे 20 चे 60 टक्के, 12 भाग. उरलेले 8 भाग मालकाच्या खिशातून जातात. सर्व्हेअरने साठा मोजला की हे लगेच बाहेर येतं. "मी एजंटला सांगितलं होतं" असं मालक म्हणेल. ते सिद्ध कसं करणार? नोंद आहे ती वहीत, आणि वहीवाला आता दुसऱ्याच फर्ममध्ये.

आग लागल्यावर तो पहिला फोनही जुन्याच नंबरवर करतो. एजंट आता ब्रोकरकडे आहे, त्यामुळे कंपनीला सूचना गेली असं म्हणता येत नाही. मालकाने ब्रोकरला नेमणुकीचं पत्रही दिलेलं नाही, म्हणजे ब्रोकरच्या दृष्टीनेही तो अजून ग्राहक नाही. फोन दोन्हीकडे पोचत नाही. क्लेमची सूचना ताबडतोब द्यायची असते, त्यात उशीर झाला तर कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळते. राजीनामा चार ओळींचा असला की मधल्या काळात हे असंच घडतं.

म्हणून सुपूर्तीची यादी मी ग्राहक लहान की मोठा यावरून लावत नाही, तारखेवरून लावतो. वरच्या एजंटने 1 सप्टेंबरला पत्रासोबत काय जोडायला हवं होतं? सगळ्यात आधी उघडे क्लेम. क्लेम क्रमांक, सर्व्हेअर येऊन गेला का, कोणता कागद बाकी आहे आणि तो कुणाकडे आहे. त्यानंतर 1 सप्टेंबर ते 15 नोव्हेंबरपर्यंतची रिन्यूअल्स. 30 सप्टेंबरला यादी थांबवू नये, कारण नवा माणूस ग्राहकांना ओळखेपर्यंत काही आठवडे जातातच. मग तोंडी आलेले, पण कंपनीकडे न गेलेले बदल. यातल्या प्रत्येकापुढे 'ग्राहकाकडून लेखी विनंती घेतली' किंवा 'घ्यायची बाकी' असं साफ लिहायचं. नोटीसच्या काळात नवा बदल आला, की त्याच दिवशी लेखी घेऊन यादीत भर घालायची. कारखान्याचा 12 सप्टेंबरचा फोन याच रकान्यात बसला असता आणि 4 ऑक्टोबरचं रिन्यूअल योग्य रकमेवर झालं असतं. शेवटी हातातले चेक, पावतीपुस्तक आणि मूळ कागद. पैशाच्या बाबतीत तर एक रात्रही थांबू नये. पत्र देण्याआधी सगळं जमा करून पोच घ्यावी.

लॉगिनबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, अनेक ठिकाणी त्याच दिवशी बंद होतं. म्हणूनच यादी पत्र देण्याआधी तयार हवी आणि पत्रासोबतच जायला हवी. "सुपूर्ती महिन्याभरात करीन" असं लिहिलंत आणि दुपारीच लॉगिन बंद झालं, तर तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. यादी जोडलेली असेल, तर 1 सप्टेंबरला कंपनीला काय काय कळवलं होतं याचा पुरावा तुमच्या हातात राहतो. उद्या एखादा ग्राहक चिडून तुमच्यावर आला, तर हाच कागद तुम्हाला वाचवतो. पत्र एजंटच्या सोयीचं आहे असं मी म्हणतो ते यामुळे. पोच म्हणून सही-शिक्का मिळाला नाही तर शाखाप्रमुखांना आणि एजन्सी विभागाला ई-मेलने पाठवा आणि फक्त ती पाठवलेली प्रत जपून ठेवा. ग्राहकांची कागदपत्रं, वैद्यकीय अहवाल किंवा पूर्ण डेटा स्वतःच्या ई-मेलवर वळवू नका. नाहीतर नव्या नोकरीतला पहिला महिना गोपनीयतेच्या नोटिशीला उत्तर देण्यात जाईल.

पत्रातला मजकूर साधारण असा असावा:

"मी माझ्या एजन्सीचा राजीनामा देत आहे. माझ्या कामाचा शेवटचा दिवस 30 सप्टेंबर राहील. त्यानंतर मी एका ब्रोकर फर्ममध्ये रुजू होत असल्याने आजपासून नवीन प्रस्ताव स्वीकारणार नाही. प्रलंबित क्लेम, 15 नोव्हेंबरपर्यंतची नूतनीकरणे, अपूर्ण बदल आणि जमा केलेल्या रकमा यांची यादी सोबत जोडली आहे. कृपया 10 सप्टेंबरपर्यंत ही कामे सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव कळवावे, म्हणजे प्रत्येक ग्राहकाला ते नाव कळवून मी शेवटच्या दिवसापूर्वी समक्ष सुपूर्ती करीन."

फर्मचं नाव नसलं तरी चालतं, मात्र करारात ते कळवण्याची अट असेल तर लिहावं लागेल. ब्रोकरकडे जातोय हे मात्र लपवू नये. एकाच वेळी कंपनीच्या वतीने प्रस्ताव घ्यायचे आणि मनात ग्राहकाला दुसरीकडे न्यायची तयारी ठेवायची, हे दोघांशीही सचोटीचं नाही.

आता तुमचा मूळ मुद्दा, ग्राहक कुणाचे? कंपनीशी तुमचं नातं कराराने ठरतं. त्यात ग्राहकांना आपल्याकडे न वळवण्याचं कलम आहे का, त्याची मुदत किती, हे पत्र लिहायला बसण्याआधी वाचा. पण ग्राहक कुणाच्या मालकीचा नसतो, त्याला हवा तो मध्यस्थ निवडता येतो. म्हणून नोटीसच्या काळात त्याला फक्त माहिती द्यायची. तुमचं काम कधी संपतं, त्यानंतर कंपनीत कुणाशी बोलायचं, क्लेमची सूचना थेट कुठे द्यायची. "माझ्यासोबत या" हे तिथे लिहायचं नाही. पुढे त्याने स्वतःहून तुम्हाला गाठलं आणि करार आड येत नसेल, तर तो ब्रोकरच्या नावे नेमणुकीचं पत्र देईल. ब्रोकरने ते कंपनीला पाठवलं आणि कंपनीने मान्य केलं, की त्याचं काम तुमच्याकडे येईल. वार्षिक पॉलिसीत हे बहुधा रिन्यूअलच्या वेळी करणंच सोयीचं पडतं.

एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते, म्हणून इथे लिहितो. पॉलिसी आपल्याकडे यावी म्हणून ग्राहकाला चालू आयुर्विमा सरेंडर करायला किंवा आरोग्य विमा मोडून नवा घ्यायला लावू नका. सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर केलं तर भरलेल्या रकमेपेक्षा बरंच कमी हाती येऊ शकतं, नवा हप्ता वाढलेल्या वयाने ठरतो, आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाण्याचा धोका असतो. अशा ग्राहकाला आहे तिथेच राहू द्यावं.

तुमच्या बाजूने पत्रात एक भर मात्र आनंदाने घालतो. रात्री-अपरात्री फोन घेतलेत, त्याचं मोल कमिशनच्या रूपात करारात लिहिलेलं असतं. राजीनाम्यानंतर रिन्यूअल कमिशन मिळत राहतं का आणि किती काळ, हे प्रत्येक करारात वेगळं असतं. रद्द झालेल्या पॉलिसींवरचं कमिशन कंपनी परतही मागू शकते. म्हणून शेवटच्या परिच्छेदात हे टाका: "30 सप्टेंबरपर्यंत देय असलेल्या कमिशनचा, तसेच त्यानंतर करारानुसार देय होणाऱ्या नूतनीकरण कमिशनचा आणि संभाव्य वजावटींचा लेखी हिशेब 31 ऑक्टोबरपर्यंत द्यावा." तारखेशिवाय ही मागणी करू नका.