पाडव्याच्या शुभेच्छा, गुजरीतून

नमस्कार मंडळी. गुढीपाडव्याच्या आणि नव्या वर्षाच्या तुम्हा सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. आई अंबाबाई तुमच्या घरात सुख, आरोग्य आणि भरपूर धान्य देवो.

गुजरीतल्या आमच्या दुकानाकडून दरवर्षी पाडव्याच्या सकाळी शुभेच्छा जातात. त्यात सोन्याचा भाव, घडणावळीतली सूट यातलं काहीही लिहायचं नाही, हा वडिलांच्या वेळेपासूनचा आमच्या घरचा नियम आहे आणि मला तो पटतो. ज्याला सोनं घ्यायचं असतं त्याला मुहूर्त माहीत असतो आणि दुकानही माहीत असतं. पण ज्याला यंदा जमणार नाही, त्याला सणाच्या पहाटे फोन उघडताच आपल्याकडे काय नाही हे का आठवून द्यायचं? गुढीला कडुलिंबाचा डहाळा लागतो, गाठी लागते, स्वच्छ तांब्या आणि वस्त्र लागतं. नवं सोनं घेतल्याशिवाय पाडवा होत नाही, असं आमच्या आजीने कधी सांगितलं नाही. तिने सांगितलं ते असं, की घरात आहे ते आज बाहेर काढायचं आणि ल्यायचं.

कोल्हापुरात घरात असणारं म्हणजे बहुतेक वेळा साज. जुन्या पूर्ण साजाला एकवीस पानं असतात. दहा विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एक डोरल्याचं, असा हिशोब आमच्याकडे सांगतात. मासा, कासव, शंख, चंद्र, भुंगा, बेलपान ही पानं अनेकींना हाताला लागताच ओळखू येतात. मध्ये जवमणी. हल्ली कमी पानांचे साजही होतात, तेही छानच दिसतात.

आज तो डब्यातून काढाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा, की साजाची पानं भरीव नसतात. सोन्याचा पातळ पत्रा आकारात ठोकून पोकळ पान करतात आणि आत लाख भरतात. त्या लाखेच्या आधारावर पत्रा चेपत नाही. मात्र लाखेला उष्णता सोसत नाही.

मागे एका पाडव्यानंतर ओळखीतल्या एक मावशी साज घेऊन आल्या. सणाला लखलखीत दिसावा म्हणून त्यांनी तो आदल्या रात्री कढत पाण्यात साबण घालून भिजत ठेवला होता. सकाळी दोन पानं फुगलेली दिसली आणि मागच्या सांध्यातून तपकिरी चिकट रेघ बाहेर आली होती. लाख मऊ होऊन फुगली आणि तिने सांधा उघडला. पाणी आत शिरलं ते वेगळंच. त्या घाबरून म्हणाल्या, "सोनं खोटं निघालं का रे?" सोनं खरंच होतं. कारागिराने दोन्ही पानांतली लाख काढली, सांधा डाक लावून जोडला आणि मग नवी लाख भरली. हा क्रम चुकवून, लाख आत असतानाच आच लावली, तर ती उकळून पान बिघडतं. म्हणून साजाचं काम लाखेची सवय असलेल्या हातीच द्यावं.

मग साफ कसा करायचा? कोमट पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं, पानं एकेक करून पुसायची आणि लगेच कोरड्या सुती कपड्याने टिपायची. ब्रश मागच्या सांध्यावर फिरवू नका. अत्तर आधी लावा, साज नंतर घाला.

घालण्याआधी तो दोन्ही टोकांनी धरून उजेडात लोंबता ठेवा. मणी आणि पानं एकमेकांना बिलगून असली पाहिजेत. मध्येच फट दिसली तर ओवणी सैल झाली आहे किंवा झिजते आहे. सणाच्या गर्दीत एखादं पान घरंगळलं तर सापडणं कठीण. अशा वेळी आज दुसरा दागिना घाला, साज सवडीने ओवून घ्या. पान कानाजवळ हलवून आत खुळखुळलं, तर लाख सुटली आहे. तो घालायला हरकत नाही, पण चेपणार नाही याची काळजी घ्या.

आणखी एक गोष्ट, कारण यावरून घरात विनाकारण गैरसमज होतात. काट्यावरचं साजाचं वजन म्हणजे सगळं सोनं नव्हे. त्यात लाख आहे, खडे आहेत, ओवणी आहे. जुना साज आटवायची वेळ आली तर हे वजा होतं, म्हणून आजीच्या वहीत लिहिलेलं वजन आणि निव्वळ सोनं यात फरक पडतो. तुमच्या साजाच्या पावतीवर दोन्ही वजनं वेगळी लिहिली आहेत का, ते एकदा पाहून ठेवा. नसतील, तर ज्याच्याकडे घडवला त्याच्याकडून लिहून घ्या.

रात्री साज उतरवल्यावर घाम पुसून, सुकवून, मऊ सुती फडक्यात एकटाच ठेवा. बांगड्यांसोबत एका डब्यात ठेवला तर पातळ पत्र्याला पोचे पडतात.