परतण्यापूर्वी ४०१(के) मोडून टाका, म्हणे!

"अमेरिकेहून कायमचे परतताय? निघण्यापूर्वी ४०१(के) पूर्ण काढून घ्या, फक्त २० टक्के कापतात. परतल्यावर परदेशात खाते ठेवणे हा फेमाखाली गुन्हा आहे. ठेवलेच, तर भारत दरवर्षी कर लावणार आणि काढताना अमेरिका पुन्हा लावणार. मेल्यावर ४० टक्के तिकडचे सरकार घेते. सर्वांना पाठवा."

हा संदेश माझ्या मावसभावाच्या हाती पडला आणि त्याने ४०१(के) मधून, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीत साठवलेल्या निवृत्ती खात्यातून, पैसे काढण्याचा अर्ज भरायलाही घेतला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सर्वांत घातक वाक्य "फक्त २० टक्के कापतात" हे आहे. ते २० टक्के म्हणजे कर नव्हे. ती खाते सांभाळणाऱ्या कंपनीने आगाऊ कापलेली रक्कम आहे आणि खरा हिशेब पुढच्या एप्रिलमध्ये होतो. समजा, ४६ वर्षांची एकटी व्यक्ती वर्षाला १,१०,००० डॉलर पगार घेते आणि २०२५ च्या डिसेंबरात खात्यातले २,००,००० डॉलर एकदम काढते. ही रक्कम पगारावर चढते आणि तिच्यावर २२ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंतच्या टप्प्यांनी सुमारे ५६,९०० डॉलर संघीय कर लागतो. वय साडेएकोणसाठच्या आत असल्यामुळे वर १० टक्के, म्हणजे २०,००० डॉलर, जादा कर बसतो. एकूण झाले ७६,९००. कापले गेले होते ४०,०००. उरलेले ३६,९०० डॉलर १५ एप्रिलपर्यंत भरायचे असतात आणि तोवर माणूस पुण्यात फ्लॅटचे पैसे देऊन बसलेला असतो. यात राज्याचा कर धरलेलाच नाही. कॅलिफोर्नियात तर मुदतपूर्व रकमेवर आणखी अडीच टक्के वेगळे घेतात.

फेमाचा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा, बागुलबुवा एका कलमाने संपतो. फेमा, १९९९ च्या कलम ६(४) नुसार परदेशात निवासी असताना मिळवलेले परकीय चलन, रोखे आणि तिथली स्थावर मालमत्ता परतल्यानंतरही बाळगता येते, विकता येते आणि पुन्हा गुंतवताही येते. आयकर विवरणपत्रात ती दाखवावी लागते, ही वेगळी गोष्ट.

दुहेरी कराचा मुद्दा एके काळी खरा होता, हे मान्य करतो: भारत दरवर्षीच्या वाढीवर कर मागत असे आणि अमेरिका पैसे काढताना, त्यामुळे एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या देशात नीट मिळत नसे. नेमक्या याच अडचणीसाठी २०२१ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ८९अ आणले आणि त्यासाठी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा हे देश अधिसूचित झाले. हा पर्याय निवडला की खात्यातल्या वाढीवर भारतातला कर पैसे काढताना, म्हणजे अमेरिका कर लावते त्याच वर्षी, लागतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, पण सवलत कायम आहे. मात्र ती आपोआप मिळत नाही. जुन्या कायद्याखाली विवरणपत्राच्या मुदतीच्या आत १०-ईई हा अर्ज भरावा लागे, आणि एकदा निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. रॉथ खात्यात आधीच कर भरलेले पैसे टाकलेले असतात आणि त्यातून पैसे काढताना अमेरिका सहसा करच लावत नाही, त्यामुळे ते या सवलतीच्या व्याख्येत बसत नाही. संदेश लिहिणाऱ्याने एवढेच म्हटले असते, तर मी गप्प बसलो असतो.

मृत्यूनंतरच्या कराबद्दल मात्र अर्धे सत्य आहे. जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि तिथे कायमचा राहत नाही, त्याच्या अमेरिकेतल्या मालमत्तेपैकी फक्त ६०,००० डॉलरना वारसा-करातून सूट मिळते, वरच्या रकमेवर दर चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो आणि भारत-अमेरिकेत या कराबाबत करार नाही. पण यासाठी आधी मोडायचे असतील तर ब्रोकरच्या खात्यातले अमेरिकी कंपन्यांचे शेअर, ४०१(के) नव्हे. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला परतल्यावर साधारण दोन-तीन आर्थिक वर्षे 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला' हा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या नफ्यावर भारत कर लावत नाही. ग्रीन कार्ड परत केले असेल आणि त्या वर्षी अमेरिकेत १८३ दिवस राहणे झाले नसेल, तर शेअर विक्रीच्या नफ्यावर अमेरिकाही सहसा कर लावत नाही. विक्रीची रक्कम आधी अमेरिकेतल्या खात्यात जमा करावी आणि मगच भारतात आणावी, कारण उत्पन्न थेट इथल्या खात्यात आले तर ही सूट हातची जाते. भावाला मी हेच कळवले आहे: अर्ज थांबव, ४०१(के) तिथेच राहू दे आणि शेअर कधी विकायचे ते परतीची तारीख ठरली की ठरवू.