सँपल टेस्ट कोणी वाचत नाही म्हणे

"पेड सँपल टेस्ट पास करायची युक्ती : क्लायंटला मराठी येत नाही, उतारा कोणी वाचत नाही, फक्त भारदस्त शब्द टाका. प्रश्न विचारू नका, कच्चे वाटाल. जो आधी पाठवतो त्यालाच काम. आणि पेड टेस्ट म्हणजे आधी डिपॉझिट भरायचं, नंतर परत मिळतं."

पेड सँपल टेस्ट म्हणजे अनुवादाचं काम देण्याआधी क्लायंट पैसे देऊन करून घेतो तो छोटा नमुना-अनुवाद. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरत होता तोवर ठीक होतं. आता देवगडच्या भाचीने "मामा, हे खरं का?" म्हणून तो मलाच पाठवलाय.

क्लायंटला मराठी येत नाही, हे पुष्कळदा खरंच असतं. पण म्हणूनच तो मराठी येणाऱ्याला पैसे देऊन तपासायला बसवतो ना! अनुवाद सेवांसाठी आयएसओ १७१०० हे २०१५ चं मानक आहे. त्यानुसार अनुवादकाने आधी स्वतःचं काम तपासायचं आणि मग दुसऱ्या माणसाने ते मूळ मजकुराशेजारी ठेवून ताडून पाहायचं. ही दुसरी तपासणी ऐच्छिक नाही. टेस्टचा उताराही सहसा अशाच तपासनीसाच्या हातात पडतो.

त्याला काय दिसतं ते बघा. समजा, मच्छीमार बोटींच्या सुरक्षेवरचा २५० शब्दांचा इंग्रजी उतारा आहे आणि वाचक म्हणून किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगितलेत. मुळातल्या एका वाक्याचा आशय असा : किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे जाणाऱ्या बोटीवरच्या प्रत्येक खलाशाने लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे, बोटीवर किमान दोन अग्निशामक असावेत. युक्तीवाल्याचा अनुवाद असा येतो : "तीरापासून द्वादश मैलांहून अधिक अंतरावर मार्गक्रमण करणाऱ्या नौकेवरील कर्मचारीवृंदाने प्राणरक्षक अंगरखे परिधान करावेत, तसेच दोन अग्निशमन उपकरणे असणे बंधनकारक आहे."

मालवणच्या बंदरावर प्राणरक्षक अंगरखा कोणी मागितला तर लोक हसतील, पण तपासनीस त्यावर फार वेळ घालवणार नाही. त्याची खूण आधी 'मैलां'वर पडते. सागरी मैल १,८५२ मीटरचा, साधा मैल साधारण १,६०९ मीटरचा. बारांना हा फरक जवळजवळ तीन किलोमीटरचा होतो, आणि तेवढ्या पट्ट्यात नियम कुठून लागू होतो तेच बदलतं. मग 'घातलंच पाहिजे'चं 'करावेत' झालं, म्हणजे सक्तीचा सल्ला झाला. उलट अग्निशामकाच्या सल्ल्याची सक्ती झाली. 'प्रत्येक' गळला, 'किमान' गळला. एका वाक्यात अर्थाच्या पाच चुका, आणि सगळ्या भारदस्त शब्दांखाली झाकलेल्या. भाषा जड केली की लिहिणाऱ्याचं स्वतःचंच मूळ अर्थावरून लक्ष उडतं, हे त्यामागचं कारण.

गुण देताना चुका सरसकट मोजत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक किरकोळ धरतात. आकडा, एकक, नकार, सक्ती, गळलेला शब्द या गंभीर, आणि सुरक्षेच्या किंवा औषधाच्या मजकुरात अशी एकही चूक नापास करायला पुरते. म्हणून पाठवण्याआधी एक फेरी फक्त आकडे, एककं, 'नका' आणि 'किमान-कमाल' यांसाठी मारावी, मूळ शेजारी उघडं ठेवून. दुसरी फेरी मूळ बंद करून, नुसतं मराठी मोठ्याने वाचत. पहिल्या परिच्छेदात खलाशी आणि तिसऱ्यात कर्मचारी असं झालं असेल तर ते या फेरीत सापडतं. वाचणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

प्रश्नांचं म्हणाल तर नेमका प्रश्न हा कच्चेपणा नव्हे. बोटीच्या प्रमुखाला 'तांडेल' म्हणायचं की राज्यभर चालेल असा शब्द हवा, हे विचारणारा तपासनीसाला आवडतो. शब्दकोशात मिळेल ते मात्र विचारू नये. उत्तर आलंच नाही तर एक पर्याय निवडून कारण सोबतच्या टिपणात एका ओळीत द्यावं. उताऱ्यातच 'खलाशी/कर्मचारी' अशी तिरकी रेघ मारून ठेवणं म्हणजे निर्णय क्लायंटवर ढकलणं.

वेळेबद्दल थोडं मान्य करतो. ठरलेली वेळ चुकवली तर चांगला उताराही बाजूला पडू शकतो. पण दोन दिवस दिले असताना दोन तासांत पाठवण्याचे जादा गुण नसतात. उरलेला वेळ वरच्या दोन फेऱ्यांसाठीच असतो.

आणि डिपॉझिट? पेड टेस्टमध्ये पैसे क्लायंट देतो, अनुवादक नाही. प्रति शब्द दर किती, शब्द मूळ मजकुराचे मोजणार की अनुवादाचे, बिल कोणाच्या नावाने करायचं आणि उतारा नापास झाला तरी पैसे मिळणार का, हे काम सुरू करण्याआधी ईमेलवर लिहून घ्यायचं. यूपीआयचा क्यूआर आधी समोरून आला तर तिथेच थांबायचं, भाचे, आणि तो नंबर ब्लॉक करायचा.